अठरा टक्के, पण कुठून आले?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत असतात तशी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांपुढे आणा. फाउंड्रीतून ओतीव भाग विकत घ्यायचे, सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांवर त्यांचं मशीनिंग करायचं आणि पंप किंवा ट्रॅक्टर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ते पुरवायचे, हा तिचा धंदा. दोघे भाऊ संचालक आहेत, भागधारकही घरचेच. ही कंपनी काल्पनिक आहे आणि तिचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी बेतले आहेत. पण अशा घाटाचे ताळेबंद छोट्या उद्योगांत जागोजागी सापडतात.

या कंपनीचा भागभांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओई, लागोपाठ तीन वर्षं १८ टक्के आहे. मालकांनी धंद्यात घातलेल्या आणि ठेवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर वर्षाला अठरा रुपये निव्वळ नफा. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा हे कितीतरी बरं. शिवाय तीन वर्षांत विक्री ६ कोटींवरून ७ कोटी ८० लाखांवर गेली आहे. दोघे भाऊ समाधानी आहेत, आणि वरवर पाहिलं तर त्यांनी समाधानी असायलाही हरकत नाही.

माझं म्हणणं असं आहे की पहिल्या वर्षीचे १८ टक्के आणि तिसऱ्या वर्षीचे १८ टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी ते धंद्याने मिळवून दिले होते. तिसऱ्या वर्षी त्यातला मोठा वाटा उसन्या पैशाच्या जोरावर उभा आहे. आरओईच्या एका आकड्यात हा फरक दिसत नाही. तो दिसण्यासाठी त्या आकड्याचे तीन तुकडे करावे लागतात.

आरओई काढणं सोपं आहे. नफा-तोटा पत्रकातला करानंतरचा नफा घ्यायचा आणि ताळेबंदातल्या स्वनिधीने, म्हणजे भागभांडवल अधिक राखीव निधी या रकमेने भागायचा. पहिल्या वर्षी नफा ३६ लाख आणि स्वनिधी २०० लाख, म्हणून १८ टक्के. आता या भागाकाराच्या मध्ये दोन आकडे घुसवायचे, विक्री आणि एकूण मालमत्ता. दोन्ही एकदा वर आणि एकदा खाली येतात, त्यामुळे उत्तर बदलत नाही. पण एका भागाकाराचे तीन होतात:

आरओई = (नफा ÷ विक्री) × (विक्री ÷ एकूण मालमत्ता) × (एकूण मालमत्ता ÷ स्वनिधी)

पहिला तुकडा मार्जिनचा. शंभर रुपयांच्या विक्रीत शेवटी हातात किती उरतात, ते तो सांगतो. दुसरा उलाढालीचा. धंद्यात अडकलेल्या प्रत्येक रुपयावर वर्षात किती रुपयांची विक्री होते, ते त्यातून कळतं. मालमत्ता म्हणजे इथे केवळ जागा आणि यंत्रं नव्हेत. गोदामातला माल, गिऱ्हाइकांकडून यायची उधारी, बँकेतली शिल्लक असं ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूचं सगळं त्यात येतं. तिसऱ्या तुकड्याला लिव्हरेज म्हणतात. मालकांच्या एका रुपयावर एकूण किती रुपयांचा पसारा उभा आहे, हे तो दाखवतो. हा आकडा २ असेल तर निम्मा पैसा मालकांचा आणि निम्मा बाहेरचा; ३ असेल तर दोन तृतीयांश बाहेरचा.

हिशेबाची ही रीत अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या नावाने ओळखली जाते. या रासायनिक कंपनीचा त्या काळचा मुख्य धंदा स्फोटकांचा होता. तिथे डोनाल्डसन ब्राउन नावाचा मूळचा विद्युत अभियंता १९०९ मध्ये विक्री विभागात लागला आणि पुढे अर्थविभागात गेला. कंपनीचे निरनिराळे कारखाने एकमेकांशी ताडून कसे पाहायचे, हा तिथला प्रश्न होता. एकाचं मार्जिन मोठं पण माल सावकाश खपणारा, दुसऱ्याचं मार्जिन बारीक पण माल भराभर जाणारा. ब्राउनने मार्जिन आणि उलाढाल यांचा गुणाकार करून दोघांना एकाच मापाने मोजलं. ड्यूपॉन्टने जनरल मोटर्समध्ये मोठी गुंतवणूक केल्यावर १९२१ मध्ये तो तिकडे गेला आणि ही पद्धतही त्याच्याबरोबर गेली. ब्राउनच्या मूळ सूत्रात दोनच तुकडे होते. लिव्हरेजचा तिसरा तुकडा नंतर जोडला गेला. माझ्या मते छोट्या कंपनीच्या बाबतीत हा मागून आलेला तिसरा तुकडाच सगळ्यांत आधी तपासायला हवा.

आता आपल्या कंपनीचं पहिलं वर्ष पाहू. विक्री ६०० लाख आणि नफा ३६ लाख, म्हणजे मार्जिन ६ टक्के. एकूण मालमत्ता ४०० लाख, म्हणजे उलाढाल दीडपट. स्वनिधी २०० लाख, म्हणजे लिव्हरेज २. सहा गुणिले दीड गुणिले दोन, अठरा.

तिसऱ्या वर्षी विक्री ७८० लाख, नफा ३९ लाख, मार्जिन ५ टक्के. मालमत्ता ६५० लाखांवर गेली, त्यामुळे उलाढाल १.२ पट. स्वनिधी २१७ लाख, म्हणून लिव्हरेज जवळजवळ ३. पाच गुणिले एक पूर्णांक दोन गुणिले तीन, पुन्हा अठरा. मार्जिन घसरलं, उलाढाल घसरली, आणि या दोन्ही घसरणी लिव्हरेजने भरून काढल्या. विक्री आणि नफा दोन्ही वाढलेले दिसत असल्यामुळे घरात कुणाला शंका आली नाही.

पण उलाढाल दीडवरून १.२ वर का आली? विक्री ३० टक्क्यांनी वाढली. मालमत्ताही त्याच प्रमाणात वाढली असती तर ती ५२० लाख झाली असती. प्रत्यक्षात ती ६५० लाख आहे. म्हणजे १३० लाख रुपये जास्तीचे अडकले आहेत, आणि ते कुठे अडकले हे ताळेबंदच सांगतो. इमारत आणि यंत्रं घसारा वजा जाता १५० लाखांची होती, ती २१५ लाख झाली. दुसरी व्हीएमसी घेतली होती, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. विक्रीच्या मानाने जास्तीचे धरले तरी २० लाखच. गोदामातला माल ९० लाखांवरून १५५ लाखांवर गेला. विक्रीच्या प्रमाणात तो ११७ लाख चालला असता, म्हणजे ३८ लाख जास्त. आणि येणी १३० लाखांवरून २५० लाखांवर गेली. पूर्वीच्याच हिशेबाने ती १६९ लाख हवी होती. इथे ८१ लाख अडकले. बँकेतली शिल्लक आणि इतर किरकोळ बाबी ३० लाखांवरच राहिल्या, त्यांचे ९ लाख यातून वजा केले की १३० लाखांचा मेळ बसतो.

येण्यांचे दिवस काढले की चित्र अधिक स्पष्ट होतं. येणी भागिले विक्री गुणिले ३६५, असा हा हिशेब. पहिल्या वर्षी बिल दिल्यापासून पैसे हातात यायला सरासरी ७९ दिवस लागत होते, तिसऱ्या वर्षी ११७ दिवस लागतात. येण्यांच्या रकमेत जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीच्या आकड्यात तो नसतो, त्यामुळे खरे दिवस दोन्ही वर्षी यापेक्षा थोडे कमी निघतील. पण दोन्ही वर्षांना हाच नियम लागू असल्याने तुलना बिघडत नाही. वाढलेल्या विक्रीतली बरीचशी विक्री मोठ्या गिऱ्हाइकाला उधारीची मुदत वाढवून देऊन मिळवली आहे, असा याचा सरळ अर्थ लागतो. व्हीएमसी नवी आली, बँकेने कर्ज दिलं, भावांनी पेढे वाटले. ते सगळ्यांना दिसलं. उधारीत अडकलेले ८१ लाख त्या यंत्राच्या वाढीपेक्षा जास्त आहेत आणि ते कुणालाच दिसले नाहीत.

हे पैसे आले कुठून? मालकांच्या खिशातून नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मिळून ७७ लाख नफा झाला, त्यातले ६० लाख लाभांश म्हणून काढून घेतले गेले. धंद्यात १७ लाखच राहिले. म्हणून स्वनिधी २०० लाखांवरून २१७ लाखांवर आला, पुढे सरकला नाही. बाकीची जबाबदारी बाहेरच्यांवर पडली. यंत्रासाठीचं मुदत कर्ज ५० लाखांवरून १०३ लाख झालं. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, ८० लाखांवरून १७० लाखांवर गेली. आणि कच्चा माल देणाऱ्यांची देणी ६० लाखांवरून १४० लाखांवर पोचली. इतर किरकोळ देणी १० लाखांवरून २० लाख झाली.

यातली देण्यांची उडी मला सगळ्यांत बोलकी वाटते. विक्री ३० टक्क्यांनी वाढलेली असताना देणी दुपटीहून जास्त का व्हावीत? याचं कारण सीसीच्या नियमात सापडतं. सीसीतून किती रक्कम उचलता येईल, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, हे बँक माल आणि येणी पाहून ठरवते. बऱ्याच बँका ९० दिवसांवरची येणी त्यात धरतच नाहीत. आपल्या कंपनीची येणी सरासरी ११७ दिवसांची झाली, म्हणजे त्यांतला बराच भाग बँकेच्या लेखी शून्य झाला. गिऱ्हाईक पैसे देत नाही, बँक त्यावर आणखी उचल देत नाही, पगार आणि वीजबिल तर थांबत नाही. मग ज्याच्यापुढे आपलं चालतं त्याला थांबवलं जातं, तो म्हणजे आपल्याहून छोटा पुरवठादार. उधारीची ही साखळी औद्योगिक वसाहतींत फार जुनी आहे.

पण ती फुकटची नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्याचे पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढीने व्याज लागू होतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत चुकवलेल्या अशा बिलाची वजावट प्राप्तिकरात ते प्रत्यक्ष चुकतं केलेल्या वर्षीच मिळते. वर्षाअखेरीस अशी देणी राहिली तर कागदावरच्या नफ्यापेक्षा जास्त नफ्यावर कर भरावा लागतो. म्हणजे देण्यांतून आलेलं लिव्हरेज बिनव्याजी वाटतं, पण तसं ते असेलच असं नाही.

आता मार्जिन. सहाचे पाच टक्के झाले, हे पाहून कुणीही म्हणेल की कारखान्यात काहीतरी बिघडलंय. रिजेक्शन वाढलं असेल, गिऱ्हाइकाने दर पाडून घेतले असतील, हत्यारांचा खर्च वाढला असेल. भावांनीही कदाचित सुपरवायझरला बोलावून त्याची झाडाझडती घेतली असती. म्हणून मार्जिनचाही एक थर उलगडून पाहिला पाहिजे.

पहिल्या वर्षी व्याज आणि कर जायच्या आधीचा नफा ६१ लाख होता. त्यातून १३ लाख व्याज गेलं, ४८ उरले, साधारण २५ टक्के कर गेला आणि ३६ राहिले. तिसऱ्या वर्षी व्याज आणि कराआधीचा नफा ७९ लाख होता. व्याज २७ लाख, उरले ५२, कर जाऊन ३९. आता व्याजाआधीच्या नफ्याचं विक्रीशी प्रमाण काढा. पहिल्या वर्षी ते १०.२ टक्के होतं, तिसऱ्या वर्षी १०.१. म्हणजे कारखान्यात काहीच बिघडलेलं नाही. यंत्रं, कामगार, दर, रिजेक्शन, सगळं जागच्या जागी आहे. एका टक्क्याची ती घसरण जवळजवळ संपूर्णपणे व्याजाची आहे.

गुणाकाराच्या सूत्रात तीन तुकडे सुटे आणि स्वतंत्र दिसतात, पण प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले असतात. येणी तुंबली म्हणून उलाढाल पडली. ती तूट भरायला कर्ज काढलं म्हणून लिव्हरेज वाढलं. कर्जाचं व्याज द्यावं लागलं म्हणून मार्जिन पडलं. दुखणं एकच आहे, वसुलीचं, आणि ते तीन ठिकाणी तीन रूपांत दिसतं. सूत्र पाठ असलेले अनेकजण इथे घसरतात. मार्जिन कमी दिसलं की खर्चकपात, उलाढाल कमी दिसली की विक्री वाढवा, अशी प्रत्येक तुकड्यावर वेगळी मात्रा देतात. आपल्या कंपनीने विक्री वाढवायची म्हणून उधारीची मुदत आणखी वाढवली असती तर दुखणं बळावलंच असतं.

कर्ज वाईट असतं असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी एकूण मालमत्तेवर व्याज-कराआधी १५ टक्क्यांहून जास्त मिळत होते आणि कर्ज साधारण १० टक्क्यांनी मिळत होतं. १० टक्क्यांनी घेऊन १५ टक्के कमावणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे, आणि मधला फरक मालकांच्या पदरात पडतो. तिसऱ्या वर्षी हीच कमाई १२ टक्क्यांवर आली आहे. फरक दोन टक्क्यांचाच उरला. कमाई कर्जाच्या दराखाली गेली की लिव्हरेज उलटं फिरतं आणि प्रत्येक जास्तीचा उसना रुपया परतावा वाढवण्याऐवजी खाऊ लागतो.

धोका किती, याचा अंदाज एका कल्पनेने घेता येईल. समजा, मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर छाटल्या आणि व्याजाआधीचा नफा दोन तृतीयांशाने घसरला. पहिल्या वर्षीच्या कंपनीकडे २० लाख उरले असते, त्यातून १३ लाख व्याज भरून सातेक लाख शिल्लक राहिले असते. वर्ष वाईट गेलं असतं, पण निभावलं असतं. तिसऱ्या वर्षीच्या कंपनीकडे २६ लाख उरतात आणि व्याजच २७ लाख आहे. कंपनी तोट्यात जाते, आणि मुदत कर्जाचे हप्ते तर अजून बाकीच आहेत.

आता उलटं करून पाहू. विक्री ७८० लाखच ठेवा, पण येणी आणि माल पूर्वीच्या प्रमाणात आणा. ११९ लाख मोकळे होतात. त्यातले ९० लाख सीसीत भरून ती पुन्हा ८० लाखांवर आणा आणि २९ लाख पुरवठादारांना द्या. वर्षभर अशी स्थिती राहिली तर ९ लाख व्याज वाचतं, कर जाऊन सात लाख हातात राहतात आणि नफा ४६ लाखांच्या आसपास जातो. मार्जिन ५.९ टक्के, उलाढाल १.४५ पट, लिव्हरेज २.४. परतावा २० टक्क्यांच्या थोडा वर. कर्ज कमी आणि परतावा जास्त. कारखान्यात एकही जास्तीचा नग न बनवता हे होतं.

हे सगळं कंपनीच्या छापील हिशेबांत दिसायला नको का, असं कुणी विचारेल. काही अंशी दिसतं. २०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ प्रमाणे ताळेबंदाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरं द्यावी लागतात, आणि एखादं गुणोत्तर आदल्या वर्षाच्या तुलनेत २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर त्याचं कारण लिहावं लागतं. आरओई त्यांत आहे. पण आपल्या कंपनीचा आरओई हललाच नाही, मग कारण कसलं लिहिणार? येण्यांच्या फिरतीचं गुणोत्तर ४.६ वरून ३.१ वर आलं, पण ते दोन वर्षांत हळूहळू घसरलं. दर वर्षीची घसरण २५ टक्क्यांच्या आत राहिली तर तिथेही कारण लिहायची गरज नाही. कर्ज आणि स्वनिधीचं गुणोत्तर मात्र ०.६५ वरून १.२६ झालं, तिथे एखादी ओळ येईल. ती बहुधा ‘व्यवसायवाढीसाठी घेतलेलं कर्ज’ अशा थाटाची असेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या यादीत ‘नेट कॅपिटल टर्नओव्हर’ नावाचं गुणोत्तर असतं, त्याला कुणी आपल्या सूत्रातली उलाढाल समजू नये. ते खेळत्या भांडवलावर काढलेलं असतं, एकूण मालमत्तेवर नव्हे. तसंच, कायद्याच्या व्याख्येत ‘स्मॉल कंपनी’ असलेल्यांना रोखप्रवाह पत्रक जोडण्यातून सूट आहे. पैसा कुठे गेला हे ज्या पत्रकातून सरळ दिसलं असतं तेच छोट्या कंपनीत नसतं, म्हणून तिथे हे तीन तुकडे काढणं जास्त गरजेचं ठरतं.

छोट्या कंपनीच्या ताळेबंदावर हे सूत्र चालवताना काही ठिकाणी सावध राहावं लागतं. पहिली जागा संचालकांच्या पगाराची. दोघे भाऊ प्रत्येकी १२ लाख पगार घेत असतील आणि एखाद्या वर्षी त्यांनी तो घेतलाच नाही, तर कराआधीचा नफा २४ लाखांनी आणि करानंतरचा १८ लाखांनी फुगतो. ३९ लाखांचे ५७ लाख होतात, मार्जिन पाचवरून सात टक्क्यांवर उडी मारतं आणि धंद्यात तर काहीच बदललेलं नसतं. दोन वर्षांची तुलना करताना संचालकांचा पगार आणि त्यांच्या जागेचं भाडं दोन्ही वर्षी सारखं धरून मगच मार्जिन काढावं.

दुसरी जागा संचालकांनी कंपनीला दिलेल्या विनातारण कर्जाची. ताळेबंदात ती रक्कम कर्ज म्हणून दिसते, पण ती मालकांचीच असते आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षं धंद्यातच राहते. आपल्या कंपनीच्या कर्जांत असे ४० लाख असते तर, ते स्वनिधीत धरल्यावर लिव्हरेज तीनऐवजी अडीच निघालं असतं आणि आरओई १८ ऐवजी १५ टक्के. चित्र कमी धोक्याचं दिसतं, आणि कमी चमकदारही. दोन्ही रीतींनी काढून पाहावं, आणि बँक कोणती धरते ते विचारून घ्यावं.

तिसरी जागा कामाच्या स्वरूपाची. गिऱ्हाईक स्वतःचं कास्टिंग देऊन फक्त मशीनिंगची मजुरी देऊ लागलं, म्हणजे जॉबवर्क, तर विक्रीच्या आकड्यातून मालाची किंमत गळते. विक्री निम्म्यावर येते, नफा साधारण तेवढाच राहतो. मार्जिन दुप्पट झालेलं दिसतं आणि उलाढाल घसरलेली. अशा वर्षी दोघांतल्या एकाच आकड्याकडे पाहून निष्कर्ष काढला तर तो चुकणारच. दोघांचा गुणाकार, म्हणजे मालमत्तेवरचा परतावा, तेवढा ताडून पाहावा. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली जागा ताळेबंदात जुन्या किमतीलाच असते, हेही विसरू नये. अशा कंपनीची उलाढाल आज जागा घेऊन सुरू झालेल्या शेजाऱ्यापेक्षा चांगली दिसते, त्यात चालवणाऱ्याचं कसब असेलच असं नाही. म्हणून हे तुकडे शेजाऱ्याशी ताडण्यापेक्षा स्वतःच्याच मागच्या वर्षांशी ताडणं जास्त भरवशाचं.

आणि शेवटची जागा ३१ मार्चची. बरेचजण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वसुलीचा धडाका लावतात, सीसी खाली आणतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा वर नेतात. ताळेबंद एका दिवसाचा असतो, विक्री वर्षाची. मी वर वर्षअखेरचे आकडे वापरले कारण ते समजायला सोपे. छापील टिपांतला आरओई बहुधा वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या स्वनिधीची सरासरी घेऊन काढलेला असतो, त्यामुळे तो थोडा वेगळा निघेल. कोणतीही एक पद्धत घ्या, पण तिन्ही तुकड्यांना आणि सगळ्या वर्षांना तीच लावा. शक्य असेल तर येणी आणि सीसी यांची बारा महिन्यांची सरासरी घ्या. टॅलीत ती काही मिनिटांत निघते.

या दोघा भावांनी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, येणी ९० दिवसांच्या आत येईपर्यंत तिसरं यंत्र घेऊ नका आणि लाभांशही काढू नका. ज्यांची स्वतःची कंपनी आहे त्यांना एक विनंती आहे. या वर्षीच्या हिशेबांवर सही करण्याआधी सनदी लेखापालांकडून आरओईच्या आकड्याखाली मार्जिन, उलाढाल आणि लिव्हरेज हे तीन आकडे गेल्या तीन वर्षांचे लिहून घ्या. लिव्हरेज वाढलेलं आणि उलाढाल घसरलेली दिसली, तर टिपांतला येण्यांचा तक्ता उघडा. सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षं, अशी येणी त्यात वयानुसार मांडलेली असतात. सहा महिन्यांपुढच्या रकान्यात कुणाकुणाची नावं बसतात ते खातेवहीतून काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन त्यांना लावा.